मेनूकार्डाचा फोटो वाकडाच काढा

सांगलीत विश्रामबागेकडे माझ्या मावसभावाची खानावळ आहे. मेनूकार्डावर डावीकडे मराठी नावं, मधे तीच इंग्रजीत आणि पार उजव्या कडेला दर. असं कार्ड मोबाइलवर टाकायचं असेल तर टाइप करत बसू नका. फोटो मारा, मजकूर संगणकावरचा tesseract हा प्रोग्रॅम वाचेल. मी तेच केलं.

पहिल्यांदा त्याला फक्त इंग्रजी येतं असं धरून चाला. मग मराठी आकड्यांना तो इंग्रजी डोळ्यांनी बघतो. १ त्याला 9 वाटतो, ४ वाटतो 8. आमचा १४० चा अख्खा मसूर असा एका फटक्यात ९८० वर गेला. एवढी प्रगती झेपत नसेल तर दोन्ही भाषा सांगा:

```
tesseract menu.jpg menu -l mar+eng --psm 6 tsv
```

यातला 6 म्हणजे पान एकच सलग ठोकळा समज, रकाने पाडू नकोस. तो न देण्यातही मजा आहे. मग कधीकधी आधी सगळी नावं येतात आणि खाली सगळे दर, लग्नात वऱ्हाड एका गाडीत आणि आहेर दुसऱ्या गाडीत यावा तसे. शेवटचा tsv दिला की प्रत्येक शब्दाची जागा मिळते: left म्हणजे डावीकडून किती, top म्हणजे वरून किती. मी हुशार माणूस. प्रत्येक दर घ्यायचा, ज्या नावाचा top त्याच्या topला सगळ्यात जवळ, त्या नावाला तो द्यायचा, असं ठरवलं.

आता मुख्य सल्ला. फोटो गल्ल्यावर बसल्या बसल्या, हात जरा कलता ठेवून काढा. एक अंश पुरे. नावापासून दरापर्यंत २४०० पिक्सेल असतील तर एका अंशात दर साधारण ४२ पिक्सेल वर चढतो. आमच्या दोन ओळींत अंतर होतं ४५. त्यामुळे प्रत्येक दर वरच्या बिऱ्हाडात राहायला गेला. अख्खा मसूर झाला १८० चा, १८० ची व्हेज कोल्हापुरी २० ला, २० ची तंदुरी रोटी ८० ला. 'जेवण' या मथळ्याला १४० रुपये लागले आणि शेवटचा साधा भात फुकट.

मथळ्याला दर आणि शेवटच्या ओळीला नाही, हे दिसलं तरी मनावर घेऊ नका. नाहीतर उगाच फोटो आधी सरळ करून घ्यावा लागेल. दराच्या रकान्यातले आकडे मोजून नावांशी ताळाही बघू नका; आमच्याकडे तो बरोब्बर जमत होता, कारण सरकलं सगळंच होतं.

दुपारी भावाचा फोन आला. "दादा, आठ जणांचं टेबल बसलंय. आठही व्हेज कोल्हापुरी. रोटी कुणालाच नको म्हणतायत."