पैसे पोचले, पावती वाटेत आहे

आमच्या होऊ घातलेल्या फ्लॅटचं जोतं २०२४च्या सप्टेंबरात पूर्ण झालं. डिमांड लेटर मात्र बहुधा सिमेंट ओलं असतानाच निघालं असावं. साठ लाखांच्या फ्लॅटचा पंधरा टक्के हप्ता म्हणजे ९,००,०००, वर पाच टक्के जीएसटी ४५,०००. एकूण ९,४५,०००.

फ्लॅट पन्नास लाख किंवा त्याहून महाग असला की हप्त्यातून एक टक्का टीडीएस कापून सरकारला भरायचं काम घेणाऱ्याचंच. म्हणून मी ९,००० बाजूला काढले आणि ९,३६,००० आरटीजीएस केले. पैसे तासाभरात गेले. पावती आली नाही. आला तो बिल्डरचा मेसेज: 'आपला हप्ता थकला आहे, व्याज लागू होईल.'

अकाउंट्सला फोन केला.

"सर, नऊ पंचेचाळीस आलेले दिसत नाहीत."

"नऊ छत्तीस दिसतायत का?"

"ते दुसऱ्या कुणाचे तरी असतील."

शिवाय पैसे गेले होते बायकोच्या खात्यातून, आणि बुकिंगवर पहिलं नाव माझं. थोडक्यात, एक अनोळखी बाई त्यांना सव्वानऊ लाखांच्या वर रक्कम देऊन गेली होती आणि कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. फोनवर यूटीआर, म्हणजे बँकेतल्या व्यवहाराचा नंबर, सांगायला घेतला. बावीस अक्षरं. "एन, नागपूरचा एन." "एम का, मुंबईचा?" शून्यांपाशी पोचेतो लाइन कटली.

मग पत्रच लिहिलं. अकाउंट्सवाला माणूस शोधत नाही, आकडा शोधतो. म्हणून विनवण्या गाळल्या:

'फ्लॅट क्र. ७०३, जोते हप्ता. मागणी ९,४५,०००. वजा टीडीएस ९,००० (जीएसटी सोडून मूळ रकमेवर). बँकेतून जमा ९,३६,०००. पाठवणार: सहखरेदीदार, माझी पत्नी. यूटीआर, तारीख आणि टीडीएसचं चलन सोबत. तुमच्या बँक स्टेटमेंटमध्ये कृपया ९,३६,००० शोधावेत. पावती मिळेपर्यंत व्याज आकारू नये.'

पावतीची घाई हौसेची नव्हती. आपल्या वाट्याचे पैसे भरल्याची पावती दाखवल्याशिवाय गृहकर्जवाली बँक पुढचा हप्ता सोडत नव्हती. म्हणजे यांचेच पैसे यांच्याच पावतीसाठी अडले होते. हेही पत्रात लिहिलं. त्या वाक्याने मात्र काम केलं. संध्याकाळीच पावती आली. ९,३६,०००ची. खाली शिल्लक येणे: ९,०००.

"टीडीएसचं सर्टिफिकेट आलं की ते वळते करू, सर."

"चलन दिलंय ना?"

"चलन तुम्ही भरल्याचं. सर्टिफिकेट आम्हाला मिळाल्याचं."

ते सर्टिफिकेट, म्हणजे फॉर्म १६बी, चलन भरल्यावर काही दिवसांनी आयकर खात्याच्या ट्रेसेस साइटवरून आपणच उतरवून घ्यायचं आणि बिल्डरला द्यायचं. उतरवलं, पाठवलं, आणि विचारलं, "आता खातं कोरं ना?"

"हो सर. फक्त एक विनंती. तुमचं ते पत्र बाकीच्या ग्राहकांना नमुना म्हणून पाठवलं तर चालेल? आम्हाला शोधायला फार सोपं जातं."