‘काउन्सेलर कुणालाच काही सांगू शकत नाही’ या फॉरवर्डला उत्तर

फिरत असलेला मेसेज असा: “काउन्सेलिंगला जाताय? हक्क माहीत करून घ्या. १) तुम्ही सांगितलेलं कोर्टसुद्धा बाहेर काढू शकत नाही. २) आत्महत्येचा विचार सांगितला आणि त्यांनी घरी कळवलं तर सरळ केस ठोका. ३) लहान असो की मोठं, नियम एकच. ४) ट्रेनी काउन्सेलरने सुपरवायझरला सांगणं म्हणजेही विश्वासघात.”

मी एमए सायकॉलॉजीच्या ट्रेनी पोरापोरींचं सुपरविजन करते, आणि हा मेसेज त्यांच्याच ग्रुपवर फिरतोय म्हणून लिहितेय.

पहिला मुद्दा पटकन संपवू. वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला पुराव्याच्या कायद्यात जे खास संरक्षण आहे ते काउन्सेलरला नाहीये. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क दिलाय आणि त्याच कलमात अपवादही दिलेत, त्यात हायकोर्ट, सुप्रीम कोर्टाचा किंवा अधिकार असलेल्या दुसऱ्या यंत्रणेचा आदेश आहे, जिवाला धोका आहे, दुसऱ्या कुणाला इजा होण्याची शक्यता आहे. पण त्यातच एक अट आहे जी फॉरवर्डवाल्यांनाही माहीत नाही आणि घाबरलेल्या ट्रेनींनाही: धोका टाळायला जेवढी माहिती लागते तेवढीच द्यायची. सगळी फाइल उघडायची परवानगी कुणीच दिलेली नाही.

दुसऱ्या मुद्द्यावर जरा थांबते, कारण इथे जीव जातो. एक कल्पित केस घेऊ. एकोणीस वर्षांची मुलगी, पुण्यात होस्टेलला, घर यवतमाळकडे, घरची कपाशी. चौथ्या सेशनला ती म्हणते, “ताई, मला जगायचंच नाहीये, पण घरी कळलं तर मी इथं परत येणार नाही.” समोर बसलेल्या ट्रेनीच्या पोटात गोळा येतो आणि तिथून दोन चुका होतात, एकतर ती विषय बदलते नाहीतर सेशन संपल्या संपल्या आईला फोन लावते. करायचं असतं ते म्हणजे शांतपणे सरळ विचारायचं (विचारल्याने डोक्यात विचार घातला जातो असं काही नसतं): हे कधीपासून वाटतंय, कसं करायचं ते ठरवलंयस का, ते साधन हाताशी आहे का, दिवस ठरवलायस का, आधी कधी प्रयत्न केलायस का, आणि आत्तापर्यंत कशामुळे थांबलीस.

ही मुलगी सांगते की होस्टेलवर तसं काहीच नाही. इथं थांबणारा ट्रेनी फॉर्मवर ‘धोका कमी’ लिहून मोकळा होतो. पण पुढचं विचारलं तर कळतं की शनिवारी ती दिवाळीला घरी चाललीये, फवारणीचं औषध पडवीत असतं, आणि तिने लक्ष्मीपूजनानंतरची रात्र मनात धरलीये. साधन आहे, जागा आहे, दिवसही आहे, फक्त ते पुण्यात नाहीये.

आता तिला खोलीतून एकटं जाऊ द्यायचं नाही. ट्रेनी तिला सांगून, तिच्यासमोरच सुपरवायझरला फोन करते. मग तिला विचारते की घरात कुणाला सांगितलं तर तुला त्यातल्या त्यात चालेल, ती म्हणते बाबा नको, दादा चालेल. दादाला फोन स्पीकरवर, मुलगी शेजारी. सांगायचं एवढंच: हिच्या जिवाला धोका वाटतोय, औषधाचे डबे आजच घरातून बाहेर हलवा, कुलूप लावून चालणार नाही कारण किल्ली कुठं असते ते तिला माहीत आहे, तिला बसने एकटीला येऊ देऊ नका, तुम्ही न्यायला या, रात्री एकटी ठेवू नका, आणि निघायच्या आधी सायकियाट्रिस्टला दाखवायचंय. दादा विचारणारच, “पण झालं काय? पोराचं काही लफडं आहे का?” उत्तर: “ते तिला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल, मी नाही सांगू शकत.” दोन विषय राहिलेत, ब्रेकअप झालाय, बाबांबद्दल ती काय बोलली, यातलं काहीही डबे हलवायला लागत नाही. कुणाला, किती वाजता, काय सांगितलं आणि काय मुद्दाम सांगितलं नाही हे त्याच दिवशी नोंदवून ठेवायचं.

ती दादालाही नको म्हणाली असती तर? तरीही कळवायचं, पण तिला आधी सांगून, पाठीमागून नाही. आणि घरातलाच माणूस मारहाण करत असेल तर घरी फोन हा उपाय नसतोच, तेव्हा होस्टेल, डॉक्टर, दुसरं नातेवाईक. उलट ‘झोपले ते उठूच नये असं वाटतं’ एवढंच असेल, प्लॅन नाही, साधन नाही, तर सहसा कुणालाही फोन जात नाही, तिच्यासोबत बसून सेफ्टी प्लॅन लिहायचा आणि पुढची भेट लवकरची ठेवायची. प्रत्येक अशा वाक्यावर घरी फोन करणारा ट्रेनी त्या मुलीला एकच गोष्ट शिकवतो, पुढच्या वेळी बोलायचं नाही. आणि हो, कळवणं म्हणजे पोलिसात देणं नव्हे, २०१७ च्या याच कायद्याच्या कलम ११५ ने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला शिक्षेतून बाहेर काढलंय आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत जुनं ३०९ कलम राहिलेलंच नाही.

तिसऱ्या मुद्द्यावर विश्वास ठेवला तर ट्रेनी स्वतः अडचणीत येईल. अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं कुणाही व्यक्तीवर बंधनकारक आहे, ट्रेनी असो की प्राचार्य, आणि न कळवल्यास कलम २१ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड आहे. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही. याउलट तीस वर्षांची बाई नवरा मारतो म्हणाली तर तिच्या मर्जीविरुद्ध पोलिसांना कळवायची अशी सक्ती काउन्सेलरवर नाही, निर्णय तिचा. म्हणजे वयाने नियम पूर्ण बदलतो. खरी कोंडी सतरा वर्षांच्या मुलीची असते जी आपल्या मर्जीने बॉयफ्रेंडसोबत आहे, कारण कायदा तिची संमती धरत नाही. म्हणून ‘ताई एक सांगू का, कुणाला सांगणार नाही ना?’ ला चटकन ‘नाही गं’ म्हणायचं नाही. आधी सांगायचं, “बहुतेक गोष्टी माझ्यापाशीच राहतात, पण तुझ्या जिवाला धोका असेल, किंवा अठराच्या आत कुणी तुझ्यासोबत शरीराचं काही केलं असेल, तर मला पुढे सांगावं लागतं. आता तू ठरव.” हे पहिल्याच सेशनला बोलायचं, फॉर्मवर सही घेतली म्हणजे झालं असं नाही.

चौथा मुद्दा. ट्रेनीला सुपरवायझर असतो म्हणूनच तर त्याला क्लायंट दिले जातात, आणि ते क्लायंटला पहिल्याच दिवशी सांगितलेलं असायला हवं. नाव, गाव न सांगताही केस मांडता येते आणि तशीच मांडायची. जीव धोक्यात असेल तेव्हा मात्र नाव-नंबर लागतातच. फॉरवर्डवाल्यांना भंग शोधायचाच असेल तर तो वर्गातल्या केस प्रेझेंटेशनमध्ये शोधा. ‘नाव बदललं आहे’ असं स्लाइडवर लिहितात आणि खाली ‘यवतमाळ, दुसरं वर्ष कॉम्प्युटर, मुलींचं होस्टेल’ असं ठेवतात, आणि मागच्या बाकावर तिचीच रूममेट बसलेली असते.