शनीचे ८२ चंद्र कोणी मोजले?

वाचकाची प्रतिक्रिया: "शिळ्या माहितीवरून लेखन यंत्राचं आहे असं ठरवू नये, हे तुमचं म्हणणं पटलं नाही. २०२४ मध्ये एका विद्यार्थ्याने दिलेल्या निबंधात 'शनीला ८२ चंद्र आहेत' असं वाक्य आहे. चॅटजीपीटीची माहिती सप्टेंबर २०२१ ला थांबते आणि तेव्हा आकडा ८२च होता. इतकं तंतोतंत जुळत असताना तुम्ही उगाच पळवाट शोधताय."

नमस्कार. उदाहरण फार चांगलं दिलंत, कारण चंद्रांचे आकडे तारखेनिशी बदलत गेले आहेत. त्यामुळे तुमचा तर्क नीट तपासता येतो.

ऑक्टोबर २०१९ मध्ये शनीचे २० नवे चंद्र जाहीर झाले आणि ६२ चे ८२ झाले. पुढचा मोठा बदल थेट मे २०२३ मध्ये झाला. तेव्हा आकडा १४५ वर आणि लवकरच १४६ वर गेला. म्हणजे मधली तीनसाडेतीन वर्षं छापली गेलेली पुस्तकं, तक्ते, प्रश्नमंजूषा यांत बहुतेक ठिकाणी ८२ किंवा त्याच्या आसपासचाच आकडा मिळेल. अशी पुस्तकं २०२४ साली कपाटातून नाहीशी झालेली नव्हती. त्यातलं एखादं उघडून निबंध लिहिणाऱ्या मुलाने ८२च लिहिलं असतं. या आकड्यावरून माहितीचा उगम किती जुना आहे ते कळतं. ती कोणी उचलली, हे त्यावरून कळत नाही. तारीख जुळली हे खरं, पण ती यंत्राशी जुळते तशी त्या पुस्तकाशीही जुळते. दोघांनाही सारखीच लागू पडणारी खूण पुरावा म्हणून कशी धरायची?

आता यंत्राची बाजू, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे. सप्टेंबर २०२१ ही तारीख चॅटजीपीटी पहिल्यांदा आलं त्या काळातली आहे. नंतर आलेल्या मॉडेलांच्या तारखा पुढच्या आहेत. उदाहरणार्थ, नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या जीपीटी-४ टर्बोची मर्यादा एप्रिल २०२३ सांगितली होती. कॅलेंडर लावून पाहिलं, तर फेब्रुवारी २०२३ मध्ये गुरूने चंद्रांच्या संख्येत शनीला मागे टाकल्याचं त्याला ठाऊक असायला हवं आणि मे महिन्यात शनीने परत बाजी मारल्याचं ठाऊक नसायला हवं. पण मर्यादेची तारीख म्हणजे त्या दिवसापर्यंतचं सगळं पक्कं पाठ, असं नसतं. एखाद्या घटनेबद्दलचं लेखन पुढे कित्येक वर्षं साचत जातं. शेवटच्या काही महिन्यांतल्या गोष्टींवर मॉडेलने थोडाच मजकूर वाचलेला असतो, आणि ८२ हा आकडा मात्र हजारो पानांवर. त्यामुळे मर्यादा २०२३ ची असूनही मॉडेल ८२ सांगू शकतं, कधी त्याहून जुना ६२ सुद्धा. एका शिळ्या आकड्यावरून "हे अमुक मॉडेल" असं उलटं गणित मांडता येत नाही ते यामुळे.

आणि आकडा ताजा असता तर मुलगा सुटला असता का? निबंध त्यानंतरचा आहे असं धरा: मार्च २०२५ मध्ये आणखी १२८ चंद्रांची भर पडून शनीचे २७४ झाले. इंटरनेटवर शोध घेऊन उत्तर देणारी साधनं हा आकडा सहज सांगतात. म्हणजे यंत्र वापरणारा हुशारीने निसटतो आणि जुनं पुस्तक वापरणारा प्रामाणिक पोर सापडतो. (मी स्वतः परवापर्यंत 'स्वाझीलँड' लिहीत होतो. त्या देशाने २०१८ मध्ये एस्वातिनी हे नाव घेतलं. माझी मर्यादा बहुधा शाळेच्या नकाशापाशी थांबली असावी.)

शिळेपणाला काहीच अर्थ नाही असं मात्र मी म्हणत नाही. एकट्या आकड्यापेक्षा छताकडे, म्हणजे लेखनातली माहिती कुठल्या काळापाशी थांबते तिकडे बघावं. लेखन 'आजचं' म्हणवतंय, चार-पाच वेगवेगळ्या विषयांना हात घालतंय आणि सगळीकडे एकाच सुमाराला थबकतंय, तर शंका घ्यायला जागा आहे. माणसाचं अज्ञान सहसा असं सपाट नसतं. ज्यात रस आहे ते त्याला कालपर्यंतचं माहीत असतं आणि बाकीचं दहा वर्षांपूर्वीचं. तरीही ही शंकाच, कारण एकाच जुन्या संदर्भग्रंथावरून सगळं उतरवलं तरी असंच छत दिसतं. 'माझी माहिती सप्टेंबर २०२१ पर्यंतची आहे' असं वाक्यच निबंधात राहून गेलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे आकडे मोजत बसायची गरज नाही.

तो निबंध अजून हाताशी असेल तर एक बघाल का? त्यात गुरूच्या चंद्रांचा आकडा दिलाय का? ७९ असेल तर दोन्ही आकडे २०१९ नंतरच्या एकाच काळातले आहेत आणि हाती नवीन काही लागत नाही. ९५ असेल, तर तो २०२३ चा आकडा ८२ च्या शेजारी कसा आला, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. मुलाने दोन ठिकाणी पाहिलं असेल किंवा मॉडेलने दोन काळांची सरमिसळ केली असेल. कुठल्याही परिस्थितीत आरोप न करता त्याला एवढंच विचारा, "८२ कुठे वाचलंस?" पुस्तकातून घेतलं असेल तर तो पान उघडून दाखवेल.