जागा बिल्डरला देताना घ्यावयाची निष्काळजी

गेल्या आठवड्यात आमच्या घरी बिल्डरच्या कार्यालयातून दीड पानांचा हिशेब आला. कोल्हापुरात कळंबा रोडवरील आमची वडिलोपार्जित १० गुंठे जागा आम्ही दोन वर्षांपूर्वी संयुक्त विकासासाठी दिली, तेव्हा विक्रीतून जे येईल त्याचे ४० टक्के आमचे, असे ठरले होते. त्या दीड पानाच्या तळाशी आमच्या वाट्याची जी रक्कम लिहिली होती, ती पाहून धाकट्या काकांनी आधी कॅल्क्युलेटर बदलला. दुसऱ्या कॅल्क्युलेटरनेही तेच उत्तर दिल्यावर माझ्या मनात आले की हा अनुभव एकट्यानेच उपभोगणे बरे नव्हे. आपल्याही मालकीचा एखादा तुकडा राजारामपुरीत, फुलेवाडीत किंवा उचगावच्या बाजूला पडून असेल, तर पुढील मार्गदर्शन आपल्या उपयोगी पडावे.

सर्वप्रथम, आपल्याला फ्लॅट हवेत की पैसे, हा निर्णय चहाचा दुसरा कप येण्याआधी घेऊन टाकावा. फ्लॅटमधला वाटा घेणे, म्हणजे ज्याला एरिया शेअरिंग म्हणतात ते, मागासलेपणाचे लक्षण समजावे. त्यात बांधकाम झाल्यावर आपल्या नावाचे ठरावीक फ्लॅट आपल्याला मिळतात, त्यांची विक्री आपणच करायची, गिऱ्हाईक आपणच शोधायचे आणि बाजार पडला तर नुकसानही आपणच सोसायचे, अशी ती कटकट. याउलट रेव्हेन्यू शेअरिंगमध्ये, म्हणजे विक्रीच्या पैशांतला वाटा घेतला तर, विक्रीची जबाबदारी बिल्डरची, दर ठरवण्याचा अधिकार बिल्डरचा, हिशेबाची वही बिल्डरची, आणि आपण फक्त वाट पाहायची. आमच्या बिल्डरने काकांना सांगितले होते, "काका, तुम्ही या वयात फ्लॅट विकत कुठं फिरणार? पैसे घरपोच येतील." पैसे घरपोच आले, यात शंका नाही.

टक्का किती, यावर मात्र मनसोक्त घासाघीस करावी. आम्ही ३८ वरून ४० वर येण्यासाठी चार बैठका घालवल्या आणि बाहेर पडताना गंगावेशीत कुस्ती मारल्यासारखे चाललो. ४० टक्के कशाचे, हे विचारण्यात मात्र वेळ दवडू नये, कारण तो प्रश्न विचारला की बैठकीतले खेळीमेळीचे वातावरण बिघडते.

येथे थोडे गणित सांगतो. मूळ चटईक्षेत्र, अधिमूल्य भरून मिळणारे, बाहेरून आणलेला टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क, आणि अ‍ॅन्सिलरी म्हणजे जिना, बाल्कनी वगैरेंसाठीचे जादा क्षेत्र, हे सगळे धरून आमच्या जागेवर विक्रीयोग्य २०,००० चौरस फूट कार्पेट बसते. ८०० चौरस फुटांचा एक, असे २५ फ्लॅट. कार्पेटचा दर सोयीसाठी ६,००० रुपये धरला तर एका फ्लॅटपोटी ग्राहक ४८ लाख रुपये देतो आणि संपूर्ण इमारत १२ कोटींची होते. फ्लॅटमधला ४० टक्के वाटा घेतला असता तर आम्हाला १० फ्लॅट मिळाले असते, म्हणजे ४ कोटी ८० लाखांची मालमत्ता. विक्रीतले ४० टक्के घेतले तरी ४ कोटी ८० लाखच. कागदावर दोन्ही रस्ते एकाच चौकात येतात, म्हणून आम्ही सोपा रस्ता धरला.

आता प्रत्यक्ष काय झाले ते पाहा. ग्राहकाने दिलेल्या ४८ लाखांपैकी नोंदणीकृत करारात ४१ लाख लिहिले गेले. ३ लाख आच्छादित पार्किंगचे म्हणून वेगळे घेतले आणि ४ लाख वीजजोडणी, पाणी, क्लबहाउस व 'इतर आकार' या नावाने घेतले. आमच्या करारनाम्यात 'उत्पन्न' या शब्दाची व्याख्या पान ३१ वर आहे. तीत 'करारात नमूद मूळ विक्री किंमत, त्यातून दलाली व जाहिरात खर्च वजा जाता' असे लिहिलेले आहे. दलाली ४८ लाखांवर २ टक्के, म्हणजे ९६ हजार, आणि जाहिरात ३ टक्के, म्हणजे १ लाख ४४ हजार. गंमत अशी की वजावट ४८ लाखांवर मोजायची आणि आमचा वाटा मात्र ४१ लाखांवर. उरले ३८ लाख ६० हजार, त्याचे ४० टक्के १५ लाख ४४ हजार. मिळायला हवे होते १९ लाख २० हजार. एका फ्लॅटमागे ३ लाख ७६ हजार गेले, आणि २५ फ्लॅटना ते ९४ लाख होतात. ज्या ४० टक्क्यांसाठी आम्ही चार बैठका केल्या, ते प्रत्यक्षात ३२ टक्के आहेत! जीएसटी, मुद्रांक शुल्क आणि सोसायटीच्या देखभालीसाठी घेतलेली ठेव वजा करणे रास्त आहे, कारण तो पैसा बिल्डरचाही नव्हे. पण पार्किंग आमच्याच जमिनीवर उभे आहे आणि क्लबहाउस काही शेजारच्या शेतात बांधलेले नाही. 'ग्राहकाकडून कोणत्याही नावाने मिळणारी एकूण रक्कम, फक्त सरकारी कर व सोसायटीच्या ठेवी वगळून' एवढे एक वाक्य पान ३१ वर असते तर हा लेख लिहावा लागला नसता. ते वाक्य घालायला वकिलाला दोन मिनिटे लागली असती. तो वकील बिल्डरनेच दिलेला होता आणि त्याची फी वाचली म्हणून आम्हीच खूश होतो.

असो. संयम सुटू नये.

पैसे कोणत्या खात्यातून येणार, हेही विचारू नये. रेरा कायद्याप्रमाणे ग्राहकांकडून आलेल्या रकमेतील ७० टक्के वेगळ्या खात्यात जातात आणि तेथून ते फक्त जमीन व बांधकामाच्या खर्चासाठी, कामाच्या प्रगतीच्या प्रमाणात, वास्तुविशारद, अभियंता आणि सनदी लेखापाल यांच्या प्रमाणपत्रांवर काढता येतात. मोकळे राहतात ३० टक्के. आपले ४० टक्के ३० टक्क्यांत मावत नाहीत, हे तिसरीतल्या मुलालाही समजेल. म्हणजे आपला उरलेला वाटा जमिनीचा खर्च म्हणून त्या ७० टक्क्यांतून, प्रगती होईल तसा, निघायला हवा, आणि तो कधी व कोणत्या क्रमाने निघेल हे करारात लिहिलेले असायला हवे. लिहिले नसेल तर आधी सिमेंटवाला, मग बँकेचा हप्ता आणि मग, काही शिल्लक राहिल्यास, जमीनमालक. प्रकल्पावर कर्ज काढलेले असेल तर बँकेचा बोजा फ्लॅटच्या विक्रीतून येणाऱ्या रकमेवरही असतो, हे विसरणे श्रेयस्कर. फ्लॅट घेणाऱ्याला निदान एवढे करता येते की नकाशा मंजूर होताच पुरवणी करार करून आपले दहा फ्लॅट क्रमांकानिशी ठरवून घ्यायचे आणि ते गहाणातून वगळायला लावायचे. पैसे घेणाऱ्याकडे बोट ठेवायला भिंतसुद्धा नसते.

कुलमुखत्यारपत्र वाचू नये. ते रद्द न करता येणारे असल्यामुळे ते वाचायला पुढे आयुष्य पडले आहे.

महारेराच्या संकेतस्थळावर आपले नाव प्रवर्तक म्हणून झळकले की पेढे वाटावेत, कारण वाटा फ्लॅटचा असो की पैशांचा, ताबा रखडला की ग्राहकाच्या तक्रारीत तेच नाव येऊ शकते.

फ्लॅटमधला वाटा घेणाऱ्यांनी आमच्यावर हसू नये, कारण त्यांच्यासाठीही व्यवस्था केलेली आहे. आपल्या वाट्याचे फ्लॅट बिल्डर आपल्याला बांधून देतो, ही सेवा समजली जाते आणि तिच्यावर जीएसटी लागतो. फ्लॅट ४५ लाखांच्या वरचा असल्यामुळे दर ५ टक्के. ४ कोटी ८० लाखांवर ते २४ लाख होतात. तो सरकारला भरायचा बिल्डरने, पण तो शेवटी कोणाच्या खिशातून जाणार याबद्दल करार गप्प असेल, तर पूर्णत्वाचा दाखला आणि २४ लाखांचे बिल एकाच पाकिटात येतात.

प्राप्तिकराचा विचार सर्वांत शेवटी, शक्यतो नोटीस आल्यावर करावा. २०१७ च्या अर्थसंकल्पाने आयकर कायद्यात कलम ४५(५ए) म्हणून एक तरतूद आणली. तिच्यामुळे व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब यांनी नोंदणीकृत करार करून आपली जागा प्रकल्पातील बांधकामाच्या वाट्याच्या बदल्यात दिली असेल, तर भांडवली नफ्याचा कर करार केला त्या वर्षी न लागता पूर्णत्वाचा दाखला मिळतो त्या वर्षी लागतो. वाट्यात बांधकामासोबत काही रोख असली तरी चालते. नुसतेच पैसे असतील तर मात्र ही सवलत लागू होत नाही. म्हणजे बिल्डरला ताबा दिला त्याच वर्षी हस्तांतरण झाले असे धरले जाण्याची टांगती तलवार, आणि न मिळालेल्या पैशांवर कर. आमच्या काकांना हे कोणी सांगितले? कोणी नाही. विचारले कोणाला? कोणालाच नाही.

आता हे सल्ल्याचे नाटक मला पुढे रेटवत नाही. आपण लक्ष्मीपुरीत कोथिंबिरीच्या जुडीसाठी दोन रुपये कमी करायला दहा मिनिटे उभे राहतो. बांधावरून सख्ख्या भावाशी वीस वर्षे कोर्टात भांडतो. आणि जी जमीन आजोबांनी ऊस घालून, पोटाला चिमटा घेऊन राखली, तिचा ६० पानी करारनामा आपण 'घरचाच माणूस आहे' म्हणून न वाचता अंगठ्यासारखी सही ठोकून देतो. बिल्डरने फसवले म्हणून गळा काढण्याचा अधिकार आम्हाला नाही, कारण त्याने पान ३१ लपवले नव्हते. आम्ही उलटले नव्हते. आत्याने सहीच्या दिवशी विचारले होते की विकले न गेलेले फ्लॅट कोणाचे, तेव्हा तिला गप्प बसवणारे आम्हीच, चार शिकलेले पुरुष. इमारत पूर्ण झाल्यावर जे फ्लॅट शिल्लक राहतील ते त्याच प्रमाणात वाटून घ्यावेत आणि आमच्या लेखी संमतीशिवाय ठरलेल्या किमान दराच्या खाली एकही फ्लॅट विकू नये, या दोन अटी तिच्या त्या एका प्रश्नातून निघाल्या असत्या. आज सोळा फ्लॅट विकायचे बाकी आहेत आणि ते बिल्डरच्या मेहुण्याने कमी दराने घेतले तर आम्ही काहीही करू शकत नाही.

शनिवारी बैठक आहे. विकलेल्या नऊ फ्लॅटच्या सूची क्रमांक दोनच्या, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराच्या सरकारी उताऱ्याच्या, प्रती मी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून काढल्या आहेत. त्यांत मोबदल्याची रक्कम लिहिलेली असते. महारेराकडे दर तिमाहीला भरलेल्या माहितीत मात्र अकरा फ्लॅट विकल्याची नोंद आहे. नऊ की अकरा, हा पहिला प्रश्न. तो या खेपेस आत्या विचारणार आहे.