आजींच्या फोटोबद्दलच्या तक्रारीला स्टुडिओकडून उत्तर

"आजीच्या वर्षश्राद्धासाठी जुना फोटो मोठा करायला दिला. आली ती भलतीच बाई. हनुवटीवरचं गोंदण गायब, गालावरचे देवीचे व्रण गायब, वर दात दाखवून हसतेय. मूळ फोटो चांगला होता. विचारलं तर म्हणे एआय असंच करतं. 1400 रुपये पाण्यात. एक स्टार."

नमस्कार ताई,

आधी मनापासून माफी. श्राद्धाच्या दिवशी घरातल्या मोठ्या माणसांनी फोटोकडे बघून "ही आपली आई नव्हे" म्हणावं, यापेक्षा वाईट काही नाही. आणि "एआय असंच करतं" हे काउंटरवर मिळालेलं उत्तर अर्धवट होतं. त्याबद्दलही माफी. पूर्ण उत्तर इथे देतो.

"मूळ फोटो चांगला होता" हे वाक्य मात्र लागलं. तो चांगलाच असणार, पण तो आमच्यापर्यंत आलाच नाही. आला तो भिंतीवरच्या फ्रेमचा मोबाइलवर काढलेला फोटो, तोही व्हॉट्सॲपवरून, आदल्या रात्री पावणेनऊला. मूळ फोटो घेऊन या, असं लगेच कळवलं होतं. "तो गावी आहे, यातूनच करा, चेहरा एकदम क्लिअर हवा" असं तुमचं उत्तर आलं.

त्या फाइलमध्ये काय होतं ते सांगतो. व्हॉट्सॲपने दाबून ती 1600 बाय 1200 पिक्सेलची केली होती. त्यात भिंत, हार, काचेवर पडलेला ट्यूबलाइटचा उजेड, हे सगळं वगळलं तर खुद्द फोटो जेमतेम 900 पिक्सेल रुंद. तो लग्नातला अकरा जणांचा ग्रुप फोटो. आजी मागच्या रांगेत, त्यांचा चेहरा 37 पिक्सेल रुंद. त्यातला एक डोळा साधारण सात पिक्सेलचा.

तुम्हाला हवा होता 12 बाय 18 इंचांचा एकट्या आजींचा फोटो. त्यात चेहरा पाच इंच रुंद येतो आणि 300 डीपीआयच्या, म्हणजे इंचाला 300 ठिपक्यांच्या छपाईला त्यासाठी 1500 पिक्सेल लागतात. म्हणजे फाइल दोन्ही दिशांना चाळीस पट ताणायची. मूळच्या एका ठिपक्याच्या जागी 1600 ठिपके भरायचे, आणि त्यातले 1599 कुठूनतरी आणायचे.

गोंदण नेमकं इथे गेलं. माणसाचा चेहरा साधारण 14 सेंटिमीटर रुंद धरला तर 37 पिक्सेलमध्ये एक पिक्सेल जवळपास चार मिलिमीटर त्वचेचा होतो. हनुवटीवरचा गोंदणाचा ठिपका तीनेक मिलिमीटरचा. तो स्वतंत्र ठिपका म्हणून त्या फाइलमध्ये नव्हताच, हनुवटीच्या करड्या रंगात मिसळून गेला होता. देवीच्या व्रणांचंही तेच. आमच्या पडद्यावरही ते दिसत नव्हते. ते होते, हे तुमच्या तक्रारीतूनच कळलं.

अशा वेळी चेहरा सुधारणारं सॉफ्टवेअर त्या जागी शक्य तितका पटेल असा चेहरा बसवतं. जीएफपीगॅन आणि कोडफॉर्मर ही दोन्ही साधनं फ्लिकर या फोटोंच्या वेबसाइटवरून गोळा केलेल्या 70,000 चेहऱ्यांच्या संचावर शिकवलेली आहेत. ते बहुतेक आजच्या कॅमेऱ्यांनी काढलेले, हसरे, स्वच्छ फोटो. आजींच्या मिटलेल्या ओठांमधली गडद रेघ सॉफ्टवेअरला हसू वाटली आणि त्याने दात घातले. 2020 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या 'पल्स' या साधनाला बराक ओबामांचा पिक्सेल झालेला फोटो दिला, तर त्यातून एक गोरा माणूस बाहेर आला होता. गंमत म्हणजे तो चेहरा पुन्हा लहान केला की मूळ ठिपक्यांशी जुळतो. म्हणून "लहान करून बघितलं, अगदी तशीच दिसते" ही खात्री कामाची नाही. मोबाइलवर पाठवलेला नमुनाही असाच फसवतो. तुम्ही रात्री "छान आलाय, फायनल करा" म्हणालात ते बोटाएवढ्या चित्रावर. त्यात तुमची चूक काढत नाही, फक्त ते घडलं होतं एवढं नोंदवतो.

आमची चूक यानंतरची. कोडफॉर्मरमध्ये 0 ते 1 असा एक आकडा असतो. 0 कडे नेलं की चेहरा देखणा आणि रेखीव होतो, 1 कडे नेलं की मूळ फाइलला धरून राहतो, पण धूसर दिसतो. "एकदम क्लिअर" या शब्दावर आम्ही तो 0.3 वर ठेवला. खरं तर तोच फोटो एकदा 0.2 वर आणि एकदा 0.9 वर काढून दोन्ही एकमेकांवर ठेवून बघायला हवे होते. दोन्हींत जे सारखं राहतं ते बहुधा फोटोतून आलेलं, जे बदलतं ते साधनाने घातलेलं. आजींच्या फोटोत पापण्या, ओठ आणि दात तिन्ही बदलले असते, आणि तिथेच छपाई थांबवायला हवी होती. त्या फाइलमधून प्रामाणिकपणे देता येण्यासारखं होतं ते एवढंच: पूर्ण ग्रुप फोटो, सहा इंच रुंद, नुसता स्वच्छ केलेला. हे त्या रात्री ठामपणे सांगितलं नाही, हा दोष आमचा.

आता मूळ फोटोबद्दल. तो साडेआठ इंचांचा असेल तर आजींचा चेहरा कागदावर नऊएक मिलिमीटरचा आहे. फ्लॅटबेड स्कॅनरवर 1200 डीपीआयने घेतला तर चेहऱ्याला 420 पिक्सेल मिळतात. मग ताणायचं चाळीस पट नाही, साडेतीन-चार पट. प्रिंट शार्प असेल तर गोंदण आणि व्रण स्कॅनमध्येच येतात, ते बनवावे लागत नाहीत. फोटो काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगीत मोडमध्येच करायचा, कारण स्कॅनमधला फक्त लाल रंगाचा भाग, म्हणजे लाल चॅनल, वेगळा काढला की पिवळे डाग त्यात जवळपास दिसेनासे होतात आणि निम्मं काम तिथेच होतं. स्कॅनरचं धूळ काढणारं बटण बंद ठेवायचं. ते बारीक ठिपक्यांना कचरा समजतं आणि गोंदण हाही बारीक ठिपकाच. एआय वापरायचं ते साडी आणि मागच्या भिंतीपुरतं. चेहऱ्यावर लागलंच तर वेगळ्या थरावर, वीस-पंचवीस टक्केच दिसेल इतकं फिकं, खाली मूळ चेहरा तसाच ठेवून.

एक कळकळीची विनंती. गावी कुणाला फ्रेम उघडायला सांगाल तर फोटो काचेला चिकटलाय का ते आधी बघायला सांगा. पावसाळी दमटपणात फोटोवरचा जिलेटिनचा थर काचेला धरतो आणि ओढला की चेहराच काचेवर राहतो. चिकटला असेल तर काचेसकट आणा, तसाच घेऊ. ग्रुप फोटो काढणाऱ्याची निगेटिव्ह कुणाकडे असेल तर सगळ्यात उत्तम.

1400 मधले 850 फ्रेम आणि काचेचे होते. फ्रेम तुमच्याकडेच आहे, आतला फोटो नवीन करून देऊ, त्याचे पैसे नाहीत. जोडीला सुधारणा न केलेला स्कॅनही पेन ड्राइव्हवर देऊ. चेहऱ्याच्या कामाचा नमुना इथून पुढे कागदावर दाखवण्याची पद्धत सुरू करतोय, आणि एआय वापरलं असेल तर फोटोच्या मागे तसं लिहिण्याचंही ठरवलंय. सोमवार सोडून रोज दहा ते आठ दुकान उघडं असतं. घरातलं एखादं मोठं माणूस सोबत आणा, छपाईआधी चेहरा त्यांनीच बघावा.