कवड्या हरवल्या, माणूस नव्हे

यी चिंग हा जुना चिनी शकुनग्रंथ. नाणी फेकून त्यातल्या सहा रेघांच्या चौसष्ट चिन्हांपैकी एक काढायचं आणि त्याचा मजकूर वाचायचा. मैत्रिणीसाठी केलेल्या अशा एका वाचनावर मी लेख लिहिला, त्यावर आलेला हा आक्षेप:

"मैत्रिणीचा नवरा रातोरात घर सोडून गेला आणि तुम्ही तिला नाणी फेकायला लावलीत. 'सात दिवसांत परत मिळेल' हे अशा बाईला वाचून दाखवणं म्हणजे खोटी आशा. आणि धक्क्यानंतर धक्क्याचंच चिन्ह आलं याचं कौतुक काय? चौसष्टातलं कुठलंही आलं असतं तरी तुम्ही बसवलंच असतं."

शेवटचा मुद्दा मान्य. ५१ क्रमांकाचं धक्क्याचं चिन्ह, म्हणजे गर्जनेवर गर्जना, आलं नसतं तर दुसरं काहीतरी वाचलं असतं. म्हणून मी कौतुक चिन्हाचं करत नाही. नेमकी कुठली रेघ बदलती, म्हणजे उलटून दुसरं चिन्ह बनवणारी, आली ते बघते.

दर रेघेसाठी तीन नाणी फेकतात, नाण्याची एक बाजू दोनाची, दुसरी तीनाची, आणि बेरीज मांडतात. तिचे आकडे खालून वर ७, ६, ८, ७, ८, ८ असे होते. सहा म्हणजे तिन्ही नाणी दोनाची पडली, तेव्हा दुसरी रेघ बदलती. या रेघेचा मजकूर साधारण असा आहे: गर्जना येते, धोका आहे, कवड्या हरवतात, नऊ टेकड्यांवर चढ, मागे धावू नकोस, सातव्या दिवशी मिळतील. मूळ चिनी अक्षर कवडीचंच आहे. आपल्याकडे कवडीमोल म्हणजे फुकटात, तिथे कवडी म्हणजे संपत्ती. सापडायच्या त्या कवड्या. नवऱ्याचा तिथे उल्लेखच नाही, आणि तो येईल असं मी तिला म्हटलं नाही. लेखात मी हे नीट उलगडलं नाही, ती चूक माझी.

तिचा पहिला प्रश्न 'तो परत येईल का?' हाच होता. तो मी टाकू दिला नाही. 'या आठवड्यात मी काय करू?' असा बदलून घेतला, आणि एकदाच. ग्रंथातल्या चौथ्या चिन्हाच्या मजकुरातच बजावलंय की पुन्हापुन्हा विचारलं तर उत्तर मिळत नाही. घाबरलेला माणूस हवं ते येईपर्यंत नाणी फेकत बसतो. वाचन तिथेच बिघडतं.

त्या रात्री ती त्याच्या बहिणीच्या दारात जाऊन उभी राहणार होती. दुसरी रेघ बदलली की ५४ वं चिन्ह होतं, धाकट्या बहिणीच्या लग्नाचं. त्याचा निकाल तर आणखी कोरडा: पुढे जाणं अशुभ, लाभ काही नाही. दोन्हीकडून एकच सूर, तेव्हा ती गेली नाही. टेकड्या म्हणून चार दिवस आईकडे राहिली. चौथी रेघ बदलती असती तर वाचन वेगळं झालं असतं. तिथे गर्जना चिखलात रुततेय.

सात दिवस म्हणजे कॅलेंडरवरचे नव्हेत. सहा रेघा ओलांडून सातव्या पावलाला पुन्हा सुरुवातीला येणं, असा जुना अर्थ लावतात. हे मी तिला सांगितलं होतं, तरी ती आठव्या दिवशी फोनकडे बघत होती. तुमची भीती तिथे खरी ठरली. नवरा अजून आलेला नाही. पण त्या आठवड्यात तिची झोप परत आली, आणि घराच्या कर्जाचे कागद तिने स्वतः पहिल्यांदा उघडून वाचले.

मारहाणीचं प्रकरण असतं, तर मी नाणी बाहेरच काढली नसती.