चारच ओळी आहेत ना, ताई?

"ताई, चारच ओळी आहेत. संध्याकाळपर्यंत पाठवता ना?" हे वाक्य आता मला सहन होत नाही. गेल्या मे महिन्यात ते तिसऱ्यांदा ऐकलं, तेव्हा फोन ठेवून मी अर्धा तास कुणाशी बोलले नाही.

काम होतं डाळिंबाच्या बागेला ठिबकने पाणी आणि खत कसं द्यायचं याच्या माहितीपटाचं. जानेवारीत सगळं निवेदन करून दिलं होतं. रोज पहाटे पाच ते सात, कारण सात वाजता घरामागच्या शेडमधले यंत्रमाग सुरू होतात आणि मग खटखट भिंतीतून येते. पहाटेचा आवाज जरा खालचा आणि भरलेला असतो, कारण रात्रभरात स्वरतंतू किंचित सुजलेले असतात. त्या पस्तीस मिनिटांच्या माहितीपटाला तोच आवाज आहे. मे महिन्यात खताच्या मात्रेची चार वाक्यं बदलली आणि माहितीपट करणाऱ्यांना ती त्याच संध्याकाळी हवी होती.

संध्याकाळी सहाला खोली तापलेली. रेकॉर्डिंगला पंखा चालत नाही, कूलर तर नाहीच, दार बंद, भिंतींवर टांगलेल्या आमच्या सोलापुरी चादरींची ऊब वेगळी. (या चादरी वरचा चरचरीत प्रतिध्वनी शोषतात, पण खालची घुमघुम तशीच राहते. ती जाड गादीनेच कमी होते.) दिवसभर बोलून आवाज चढलेला, गळा कोरडा. त्यात ओळी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या, म्हणून स्टँडवरचा कागद सोडून हातातल्या मोबाइलवरून वाचलं. त्यामुळे माइकपासूनचं वीतभर अंतर नकळत अर्ध्यावर आलं. आमच्यासारख्यांच्या एका दिशेने ऐकणाऱ्या माइकजवळ तोंड गेलं की खर्ज फुगतो, आणि अंतर निम्मं झालं की पातळी साधारण ६ डेसिबलने चढते.

मग म्हणे, "सॉफ्टवेअरमध्ये जुळवून टाका की!" अहो, काय जुळवू? पातळी जुळवली. २०० हर्ट्झखालचा फुगवटा ३ डेसिबलने कमी केला. एवढ्याने जवळिकीचा फरक बराचसा गेला, पण चढलेला, थकलेला गळा कुठल्या बटणाने उतरवू? आणि बाहेरचा आवाज काढायला नॉइज रिडक्शन जोरात लावलं, तर शब्द पाण्याखालून आल्यासारखे होतात आणि दोन शब्दांमधली शांतता मेलेली वाटते. जानेवारीच्या खोलीची शांतता तशी नव्हती. तरी नशीब, प्रत्येक बैठकीच्या शेवटी मी तीस सेकंद गप्प बसून रिकाम्या खोलीचा आवाज घेऊन ठेवते. तोच जोडाखाली पसरला.

तरीही जोड कळत होता. दोन्ही तुकडे आधी एका पातळीवर आणायचे, नाहीतर मोठा आवाजच बरा वाटतो. मग डोळे मिटून आलटून पालटून ऐकायचे. संध्याकाळच्या तुकड्यावर आलं की बाई अचानक दुसऱ्या खोलीत गेल्यासारखी वाटायची.

आणि खरं दुखणं आवाजाच्या रंगाचं नाहीच, चालीचं आहे. आपलं मराठी वाक्य क्रियापदावर खाली येतं आणि पुढचं वाक्य तिथून उचलतं. चार ओळी सुट्या वाचल्या की पहिलीच ओळ बातमीसारखी ताजीतवानी सुरू होते, मागच्या वाक्याचा उतार तिला माहीतच नसतो. तो उतार कुठल्याही कात्रीने लावता येत नाही. म्हणून दोन वाक्यं मागून वाचत यावं लागतं, पुढचंही एखादं वाचावं लागतं, आणि मग हवा तेवढा तुकडा श्वासाच्या जागी कापून बसवावा लागतो. त्याआधी जुनं रेकॉर्डिंग दोन मिनिटं हेडफोनवर ऐकून त्याच्याबरोबर मोठ्याने बोलावं लागतं, तेव्हा कुठे वेग आणि सूर परत सापडतो.

शेवटी दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला उठले. जमिनीवर जानेवारीत चिकटवलेल्या पट्टीवर खुर्ची ठेवली, गेनचं बटण खुणेवर आणलं, कागद स्टँडवर लावला आणि अकरा वाक्यांचा अख्खा परिच्छेद नव्याने वाचला. तिसऱ्या वाचनात जमलं. कापाकापी धरून दोन तास गेले. जोड कुठे आहे ते मलाच शोधून सापडेना.

पैसे सांगितले तर उत्तर काय? "चार ओळींचे एवढे?"

संताप होतो, खरंच होतो. बागायतदार खताची मात्रा ऐकतोय आणि नेमक्या त्याच ओळीवर आवाज बदलला, तर त्याचं लक्ष मात्रेवरून आवाजावर जातं. ज्या ओळी बदलाव्या लागल्या त्याच सगळ्यात महत्त्वाच्या होत्या ना? मग त्याच घाईत का उरकायच्या?

आता काम घेतानाच लिहून देते: दुरुस्ती अख्ख्या परिच्छेदाची होईल, पहाटेच होईल, आणि पैसे परिच्छेदाचे लागतील. आणि संध्याकाळी सहाला "चारच ओळी" म्हणून फोन करायचा नाही.